एसीचा वार्षिक देखभाल करार: कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्यावा की नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह?

माझा धाकटा भाऊ ऐरोलीला खाडीच्या बाजूच्या एका इमारतीत राहतो. त्याच्या घरी तीन स्प्लिट एसी आहेत. गेल्या फेब्रुवारीत त्याने वार्षिक देखभाल करारासाठी, म्हणजे आपण सगळेच ज्याला एएमसी म्हणतो त्यासाठी, तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली आणि तिन्ही कागद माझ्यापुढे ठेवून विचारले, "दादा, यातले दोन कॉम्प्रिहेन्सिव्ह आहेत, मग त्यातला स्वस्त घेऊन टाकू ना?" मी एका कार्यालयाच्या देखभाल विभागात अनेक वर्षे असे करार केले आणि सांभाळले आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. त्या दोन कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे मजुरीबरोबर सुट्या भागांचाही खर्च धरणाऱ्या, करारांत केवळ एका ओळीचा फरक होता, पण त्या ओळीमुळे स्वस्त दिसणारा करार विशिष्ट बिघाडाच्या वेळी तिन्हींत सर्वांत महाग ठरणार होता. ती ओळ कशी शोधायची आणि आलेली कोटेशन एकाच मापाने कशी मोजायची, हे त्याच घराच्या उदाहरणावरून पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: करार पाहण्याआधी यंत्र पाहावे

कोटेशन मागवण्यापूर्वी प्रत्येक एसीचे खरेदीचे बिल आणि वॉरंटी कार्ड काढावे आणि आउटडोअर युनिटवर चिकटवलेल्या पट्टीचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा. त्या पट्टीवर मॉडेल क्रमांक, सीरियल क्रमांक, गॅसचा प्रकार आणि कारखान्यातून भरलेल्या गॅसचे वजन लिहिलेले असते. अलीकडच्या बहुतेक घरगुती यंत्रांत आर-३२ हा गॅस असतो, त्याआधीच्या अनेक यंत्रांत आर-४१०ए आणि जुन्या यंत्रांत आर-२२ असतो. पुढे कधी गॅस भरण्याची वेळ आली, तर तो किती भरायला हवा होता हे ठरवण्यासाठी या पट्टीखेरीज दुसरा भरवशाचा आधार आपल्याजवळ नसतो.

वॉरंटी कार्ड तर याहूनही लक्ष देऊन वाचावे. साधारणपणे संपूर्ण यंत्राला एक वर्षाची वॉरंटी असते, पण कॉम्प्रेसरला ती पाच किंवा दहा वर्षांची असू शकते, आणि काही उत्पादक पीसीबीलाही, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीलाही, पाच वर्षांची वॉरंटी देतात. ज्या भागावर उत्पादकाची वॉरंटी अजून चालू आहे, त्याच भागाच्या संरक्षणाचे पैसे कॉम्प्रिहेन्सिव्ह करारातून पुन्हा मोजण्यात काहीच अर्थ नसतो. मात्र कॉम्प्रेसरच्या वॉरंटीत बहुधा फक्त कॉम्प्रेसर मिळतो. तो बसवण्याची मजुरी, नवा गॅस आणि ने-आण यांचा खर्च ग्राहकाकडेच राहतो, आणि हे कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

भावाच्या हॉलमधील एसी दोन वर्षांचा होता आणि त्याच्या पीसीबी व कॉम्प्रेसर या दोन्हींवर वॉरंटी शिल्लक होती. मुलांच्या खोलीतील जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी अकरा वर्षांचा होता. खरा प्रश्न होता तो बेडरूममधील दीड टनाच्या, सहा वर्षे वापरलेल्या इन्व्हर्टर एसीचा. त्याच्या कॉम्प्रेसरवर चार वर्षांची वॉरंटी उरलेली होती, बाकी सगळी संपलेली होती. पुढचे आकडे याच एका यंत्राचे आहेत.

दुसरी पायरी: नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात नेमके काय मिळते

या कराराला मेकॅनिक मंडळी सरळ "लेबर एएमसी" म्हणतात आणि ते नाव अधिक प्रामाणिक आहे. वर्षभरात ठरावीक संख्येच्या सर्व्हिस आणि मध्ये बिघाड झाल्यास येऊन दुरुस्ती करण्याची मजुरी, एवढेच त्यात येते. जो भाग बदलावा लागेल त्याची किंमत आणि गॅस यांचे पैसे ग्राहकाने वेगळे द्यायचे असतात.

येथे "चार सर्व्हिस" असे लिहिलेले असेल तर त्यातील ओल्या किती आणि कोरड्या किती हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोरड्या सर्व्हिसमध्ये जाळ्या धुतल्या जातात, वरची धूळ काढली जाते, पाणी नीट निचरते का हे पाहिले जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत माणूस बाहेर पडतो. जाळ्या तर आपण घरीच महिन्यातून दोनदा नळाखाली धुऊ शकतो, त्यामुळे या भेटीची खरी किंमत फारशी नसते. ओल्या सर्व्हिसमध्ये इनडोअर युनिटला पिशवी बांधून जेट पंपाने कॉइल, आतला लांबट पंखा म्हणजे ब्लोअर आणि खालचा पाण्याचा ट्रे धुतला जातो, ड्रेन पाइपमधील शेवाळ व चिकटा काढला जातो आणि बाहेरच्या युनिटची कॉइलही पाण्याने साफ केली जाते. हे काम नीट केले तर एका यंत्राला पाऊण ते एक तास लागतो. दोन ओल्या सर्व्हिस देणारा करार चार कोरड्याच सर्व्हिस देणाऱ्या करारापेक्षा चांगला, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन ओल्यांपैकी एक उन्हाळ्यापूर्वी आणि दुसरी पावसाळा संपल्यावर करून घ्यावी.

मजुरीच्या बाबतीतही दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, बिघाडाच्या भेटी कितीही असू शकतात की त्यांना मर्यादा आहे. दुसरी, गॅस भरताना करावे लागणारे वेल्डिंग, गळती शोधणे आणि व्हॅक्यूम ही कामे मजुरीत धरली आहेत की "गॅस चार्जिंग"च्या दरात जोडून पुन्हा आकारली जाणार आहेत. उंच इमारतींत आणखी एक खर्च लपलेला असतो. आउटडोअर युनिट खिडकीबाहेरच्या भिंतीवर टांगलेले असेल आणि तेथे हात पोहोचत नसेल, तर दोर, शिडी किंवा परांचीचा खर्च जवळजवळ प्रत्येक करार ग्राहकाच्या माथी मारतो, मग तो कॉम्प्रिहेन्सिव्ह का असेना.

तिसरी पायरी: कॉम्प्रिहेन्सिव्ह करारातील वगळलेल्या भागांची यादी

कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे सर्वसमावेशक, पण हा शब्द कागदाच्या मथळ्यापुरताच असतो. त्याची खरी व्याख्या मागच्या पानावरील "करारात समाविष्ट नसलेल्या बाबी" या यादीत असते. या यादीत प्लॅस्टिकचे भाग, पुढची झडप, रिमोट, जाळ्या, स्टॅबिलायझर, बाहेरचा स्टँड, तांब्याची जोडनळी आणि तिच्यावरचे आवरण असणे ही नेहमीची बाब आहे आणि त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. वीज कोसळणे, पूर, आग, विजेच्या दाबातील चढउतार, उंदीर आणि पाली यांमुळे झालेले नुकसानही बहुधा वगळलेले असते. यातील पाल ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. आउटडोअरच्या पीसीबीवर उबेसाठी जाऊन बसलेली पाल दोन टोकांना चिकटून शॉर्ट झाली की नवी पीसीबी घ्यावी लागते आणि मेकॅनिकने जॉब शीटवर "पाल" असे लिहिले की कॉम्प्रिहेन्सिव्ह करार असूनही तिचे पैसे ग्राहकाला मोजावे लागतात.

खरे पाहायचे ते चार भाग म्हणजे कॉम्प्रेसर, पीसीबी, गॅस आणि कॉइल. एसीवर होणारा मोठा खर्च बहुतांशी या चारांतच असतो. त्यातही गॅस आणि कॉइल यांची जोडी नवख्या माणसाला हमखास फसवते, म्हणून तिच्याकडे थोडे सविस्तर पाहू.

एसीतील गॅस हा गाडीतील पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि यंत्र ठीक असेल तर दहा वर्षांनीही तेवढाच असतो. त्यामुळे "गॅस कमी झाला आहे" या वाक्याचा अर्थ एवढाच होतो की तो कोठून तरी गळतो आहे. गळती नळ्यांच्या जोडावरच्या फ्लेअर नटातून होत असेल तर सुटलात, कारण ते काम थोडक्यात होते. पण गळती कॉइललाच असेल, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पात्यांमधून जाणाऱ्या तांब्याच्या पातळ नळीला सुईच्या टोकाएवढे भोक पडले असेल, तर बहुतेक वेळा संपूर्ण कॉइल बदलण्याखेरीज कायमचा उपाय नसतो. समुद्रकाठची खारी हवा आणि उघड्या नाल्यांतून किंवा सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हे दोन्ही तांबे व अॅल्युमिनियम खातात. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत खाडीच्या किंवा नाल्याच्या काठच्या घरांत चार-पाच वर्षांतच कॉइल गळू लागल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, तर पुण्यातील कोरड्या भागात याच मॉडेलची कॉइल आठ-नऊ वर्षांनीही शाबूत सापडते.

आता समजा करारात "गॅस समाविष्ट" आहे आणि वगळलेल्या यादीत "इव्हॅपोरेटर व कंडेन्सर कॉइल", म्हणजे आतल्या व बाहेरच्या युनिटची कॉइल, हे शब्द आहेत. मेकॅनिक येतो, गळती कॉइलला आहे असे सांगतो आणि कॉइल स्वतःच्या पैशांनी बदलून घ्या, मग गॅस आम्ही फुकट भरू, असे म्हणतो. त्याचे बोलणे करारानुसार अगदी बरोबर असते. ग्राहकाने वर्षाला जे संरक्षण विकत घेतले, त्यातील महागडा भाग बाहेर राहिलेला असतो आणि स्वस्त भाग आत असतो. भावाच्या दोन कॉम्प्रिहेन्सिव्ह कोटेशनमधील ती एक ओळ हीच होती.

गळती ओळखण्याची पद्धत

गॅस कमी असल्याचे निदान ऐकून लगेच पैसे काढू नयेत, कारण थंडावा कमी होण्याचे आणि कॉइलवर बर्फ धरण्याचे दुसरे साधे कारण असते ते म्हणजे मळलेली जाळी किंवा धुळीने भरलेला ब्लोअर. दोन्हींत फरक करता येतो. हवेचा मार्ग बुजला असेल तर बर्फ संपूर्ण कॉइलवर पसरलेला दिसतो आणि जाळी काढून पाहिल्यावर कारण समोरच असते. गॅस कमी असेल तर बर्फ प्रामुख्याने बारीक नळीवर आणि ती जेथे कॉइलमध्ये शिरते तेवढ्याच भागात धरतो, तर उरलेली कॉइल कोरडी आणि कोमट राहते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे बाहेर येते, त्यामुळे गळतीच्या जागी पात्यांवर किंवा नटाभोवती धूळ चिकटून काळपट, तेलकट डाग पडलेला असतो. त्या डागावर साबणाचा फेस लावला की बुडबुडे उठताना दिसतात. कोणत्याही गॅस भरणीपूर्वी हे बुडबुडे आपल्या डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरावा आणि त्यांचा व्हिडिओ काढून ठेवावा.

गळती बंद केल्यावर नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते तपासणे, त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने आतील हवा व ओलावा काढणे आणि शेवटी पट्टीवरील वजनाप्रमाणे काट्यावर तोलून गॅस सोडणे, हा योग्य क्रम आहे. गळती न शोधता नुसता "टॉप-अप" करणारा मेकॅनिक पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार हे निश्चित असते. अर्धवट गॅसवर चालणारा कॉम्प्रेसर दरम्यान तापत राहतो, कारण परत येणारा थंड गॅसच त्याला गार ठेवत असतो.

चौथी पायरी: एकच बिघाड प्रत्येक करारातून चालवून पाहणे

कोटेशनची तुलना वार्षिक रकमेवरून करू नये. त्याऐवजी वर्षभरात होऊ शकणारे चार-पाच प्रसंग कल्पावेत आणि प्रत्येक प्रसंगात वर्षअखेरीस एकूण किती पैसे गेले असतील हे प्रत्येक करारासाठी मांडावे. कागद, पेन्सिल आणि पंधरा मिनिटे पुरतात. त्याआधी सर्व रकमा जीएसटीसह करून घ्याव्यात, कारण देखभालीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बरीच कोटेशन तो वगळून लिहिलेली असतात.

भावाकडे आलेली कोटेशन अशी होती. पहिले उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राचे, कॉम्प्रिहेन्सिव्ह, ५,८०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ६,८४४ रुपये. त्यात गॅस व पीसीबी होते, कॉइल नव्हती. दुसरे जवळच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या एका मेकॅनिकचे, तेही कॉम्प्रिहेन्सिव्ह, ७,५०० रुपये, कॉइलसह. वार्षिक उलाढाल मर्यादेच्या आत असल्याने त्याला जीएसटी नोंदणी लागत नव्हती. तिसरे त्याच अधिकृत केंद्राचे नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, २,४०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २,८३२ रुपये. दोन ओल्या, दोन कोरड्या सर्व्हिस आणि बिघाडाच्या भेटींना मर्यादा नाही. यांना आपण क्रमाने पहिला, दुसरा आणि तिसरा करार म्हणू. त्याबरोबरच आम्ही सुट्या भागांचे दरही मागून घेतले. कोटेशनबरोबर दरपत्रक मागणे हे या कामातील सर्वांत उपयुक्त पाऊल आहे आणि नवखे लोक तेच विसरतात. या मॉडेलसाठी सांगितलेले दर करांसह असे होते: आउटडोअर पीसीबी ९,००० रुपये, इनडोअर कॉइल ८,५०० रुपये, पूर्ण गॅस भरणी ३,२०० रुपये आणि पंख्याची मोटर २,८०० रुपये. आपल्या गावात आणि आपल्या मॉडेलला हे आकडे वेगळे निघतील, पण मांडणी हीच राहील.

वर्षभर काहीच बिघडले नाही तर पहिल्या करारात ६,८४४, दुसऱ्यात ७,५०० आणि तिसऱ्यात २,८३२ रुपये गेले. पंख्याची मोटर गेली तर पहिल्या दोघांत फरक पडत नाही आणि तिसऱ्यात एकूण ५,६३२ रुपये होतात, म्हणजे एवढा खर्च होऊनही तिसराच स्वस्त. आउटडोअर पीसीबी गेली तर तिसऱ्या कराराचा खर्च ११,८३२ रुपयांवर जातो आणि येथे पहिला करार जिंकतो. आता इनडोअर कॉइल गळाली असे समजू. दुसऱ्या करारात तेच ७,५०० रुपये. तिसऱ्यात कराराची रक्कम, कॉइल आणि गॅस मिळून १४,५३२ रुपये. पहिल्यात गॅस फुकट, पण कॉइल आपली, म्हणून ६,८४४ अधिक ८,५००, म्हणजे १५,३४४ रुपये. ज्या बिघाडाची खाडीकाठी सर्वांत अधिक भीती आहे, नेमक्या त्याच बिघाडात हा कॉम्प्रिहेन्सिव्ह करार साध्या लेबर करारापेक्षा ८१२ रुपयांनी महाग पडतो. भावाने हा आकडा दोनदा तपासला.

आणखी एक हिशेब करावा. पहिल्या आणि तिसऱ्या करारातील फरक ४,०१२ रुपये आहे. हीच खरी संरक्षणाची किंमत होय, कारण सर्व्हिस आणि मजुरी तर दोन्हींत आहेच. ९,००० रुपयांची पीसीबी साधारण सव्वादोन वर्षांतून एकदा जात असेल तरच ही किंमत वसूल होते. ज्या घरात विजेचा दाब स्थिर आहे, स्टॅबिलायझर लावलेला आहे, तेथे एवढ्या वारंवार पीसीबी जाणे मला संभवत वाटत नाही. कॉम्प्रेसरचा प्रश्न या यंत्रात वॉरंटीमुळे बराचसा निकालात निघाला होता. तो गेलाच असता तर गॅस आणि बसवण्याची मजुरी एवढाच खर्च उरला असता.

पाचवी पायरी: दुसऱ्या कागदावरील अटी

हिशेबात दुसरा करार सर्वांत भक्कम दिसला, पण तो देणारा माणूस एकटा होता. त्याच्याकडे तीन वर्षांचे पैसे एकदम देण्याचा प्रस्ताव होता आणि त्यावर चांगली सूटही होती. तो प्रस्ताव मी नाकारायला लावला. लहान व्यावसायिकाशी कॉम्प्रिहेन्सिव्ह करार करणे म्हणजे पुढे होणाऱ्या खर्चासाठी त्याच्या शब्दावर विसंबणे असते, म्हणून एक वर्षाचाच करार करावा आणि रक्कम दोन किंवा चार हप्त्यांत, सर्व्हिसच्या भेटींना बांधून द्यावी. आमच्या कार्यालयात एकदा एका ठेकेदाराला बावीस यंत्रांचे वर्षाचे पैसे एप्रिलमध्येच दिले होते. पहिली सर्व्हिस उत्तम झाली, जूनमध्ये दोन कॉम्प्रेसर एकदम गेले आणि जुलैपासून त्याने फोन उचलणे बंद केले. त्यानंतर मी आगाऊ पूर्ण रक्कम देण्यास कधीच मान्यता दिली नाही.

करारात काही वाक्ये शोधून त्यांचा अर्थ लेखी विचारावा. "भाग दुरुस्त करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार कंपनीकडे" या वाक्याचा अर्थ पीसीबी नवी मिळेलच असे नाही, दुरुस्त करून परत बसवली जाऊ शकते. दुरुस्त पीसीबी वाईटच असते असे नाही, पण ती पुन्हा गेल्यास कराराच्या मुदतीत पुन्हा विनाशुल्क पाहिली जाईल, एवढे मान्य करून घ्यावे. जुन्या मॉडेलचा भाग बाजारात उपलब्धच नसेल तर काय होईल, हेही विचारावे. काही करारांत अशा वेळी घसारा वजा करून काही रक्कम परत मिळते, काहींत उरलेल्या महिन्यांची कराराची रक्कम तेवढी परत मिळते, आणि काहींत याबद्दल एक शब्दही नसतो. तक्रार नोंदवल्यापासून माणूस किती तासांत येईल, ही अट मे महिन्यात बाकी सगळ्या अटींपेक्षा मोलाची ठरते. "लवकरात लवकर" असे लिहून देणाऱ्याकडून "४८ तासांत" असे लिहून घ्यावे. घर बदलायचे असेल तर एसी उतरवणे आणि पुन्हा बसवणे हे दोन्ही करारांत बहुधा नसते, आणि बाहेरच्या माणसाकडून ते करून घेतल्यास कॉम्प्रिहेन्सिव्ह करार रद्द होऊ शकतो.

कॉम्प्रिहेन्सिव्ह करारापूर्वी ठेकेदार यंत्राची तपासणी करतो आणि आधीपासून असलेले दोष ग्राहकाच्या खर्चाने दूर करायला सांगतो. ही मागणी रास्त आहे. मात्र तपासणीनंतर "यंत्र सुस्थितीत आहे" असे त्याच्याकडून तारखेसह लिहून घ्यावे, अन्यथा दोन महिन्यांनी गळती निघाली की ती "आधीचीच" ठरते. काही करारांत सुरुवातीच्या काही दिवसांत गॅसची मागणी मान्य होत नाही, म्हणून असा करार मेमध्ये यंत्र बंद पडल्यावर करण्याऐवजी जानेवारी-फेब्रुवारीत करावा. त्या काळात मेकॅनिकांकडे वेळही असतो आणि दरात घासाघीस करायला जागाही असते.

तीन यंत्रांचे शेवटी काय ठरले

हॉलमधील दोन वर्षांच्या एसीसाठी आम्ही नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करार घेतला, तोही अधिकृत केंद्राकडूनच, कारण पीसीबी आणि कॉम्प्रेसर वॉरंटीत असताना सर्व्हिसच्या नोंदी त्याच केंद्राकडे राहणे सोयीचे होते. मुलांच्या खोलीतील अकरा वर्षांच्या यंत्राला अधिकृत केंद्राने कॉम्प्रिहेन्सिव्ह करार देण्यासच नकार दिला, आणि मेकॅनिकने सांगितलेली रक्कम त्या यंत्राच्या उरलेल्या किमतीशी मेळ खाणारी नव्हती. त्याला कोणताच करार न घेता वर्षातून दोनदा पैसे देऊन ओली सर्व्हिस करून घ्यायची आणि मोठा बिघाड झाला की ते बदलायचे, असे ठरले. जुन्या यंत्राच्या बाबतीत हा तिसरा पर्याय, म्हणजे करारच न करणे, विकणारा कधीच सुचवत नाही.

बेडरूमच्या एसीसाठी दुसरा करार घेतला, एका वर्षाचा, तीन हप्त्यांत, "इनडोअर व आउटडोअर कॉइल समाविष्ट" हे शब्द त्याच्या लेटरहेडवर हाताने लिहून सही घेऊन. हेच घर खाडीपासून दूर असते तर मी तिसरा करार घ्यायला सांगितला असता आणि वाचलेले साडेचार हजार बाजूला ठेवायला सांगितले असते.

सहावी पायरी: प्रत्येक भेटीच्या वेळी काय तपासावे

सर्व्हिस झाल्यावर मेकॅनिक जॉब शीटवर सही मागतो. सही करण्यापूर्वी एसी १८ अंशांवर, पंखा पूर्ण वेगाने, पंधरा मिनिटे चालू द्यावा आणि साध्या डिजिटल थर्मामीटरने दोन मापे घ्यावीत: वरच्या जाळीतून आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि खालच्या झडपेतून बाहेर येणाऱ्या हवेचे. दोन्हींतील फरक साधारण ८ ते १२ अंश असावा. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर वेग कमी करतो आणि फरकही कमी दिसू लागतो, म्हणून माप खोली गरम असतानाच घ्यावे. पावसाळ्यातील दमट हवेतही हा फरक थोडा कमी भरतो. दोन्ही आकडे जॉब शीटवर तारखेसह लिहून घ्यावेत. सलग दोन-तीन भेटींत फरक १० वरून ८ वर आणि ८ वरून ६ वर उतरत गेला आणि जाळी-ब्लोअर स्वच्छ असतील, तर गॅस हळूहळू गळत असल्याचा तो लेखी पुरावा असतो आणि कराराची मुदत संपण्यापूर्वीच तो दाखवून दुरुस्ती मागता येते.

बदललेला जुना भाग पाहायला मागावा आणि नव्या भागावरील क्रमांकाचा फोटो घ्यावा. तक्रार फोनवर केली तरी तक्रार क्रमांक मागून तो संदेशाने किंवा ईमेलने पुन्हा लिहून पाठवावा. ठरलेली सर्व्हिस किंवा दुरुस्ती टाळली जात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, पण तेथेही करार, पावती आणि जॉब शीट हेच कागद विचारले जातात.

भावाच्या बेडरूममधील एसीचा फरक मार्चमध्ये ११ होता, ऑक्टोबरमध्ये ७ भरला. मेकॅनिकने पुढचे कव्हर उघडले तेव्हा कॉइलच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा काळा तेलकट डाग होता आणि फेस लावताच त्यातून बारीक बुडबुडे येऊ लागले. कॉइल आठ दिवसांनी बदलून मिळाली आणि गॅस काट्यावर तोलून भरला गेला. नव्या कॉइलवर वेगळी वॉरंटी किती आहे हे त्या दिवशी विचारायचे आम्ही विसरलो. ते पुढच्या नूतनीकरणाच्या कागदावर पहिली ओळ म्हणून लिहून ठेवले आहे.